आतल्या खोलीतले सहा सेकंद

ऑफिसात त्यांना सगळे शिडीमामा म्हणत. उंची बक्कळ, अंगावर मांस नावाला, आणि अठरा वर्षं मोबाइलच्या टॉवरवर चढण्यात गेलेली. तरुण पोरं पट्टे आवळून, देवाचं नाव घेऊन वर जायची, तेव्हा मामा दोन पायऱ्या चढल्यासारखे वर पोचलेले असायचे. मग एका वर्षी कंबरेने दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, आता खुर्चीवरसुद्धा चढायचं नाही. नोकरी गेली नाही एवढंच नशीब. कंपनीने त्यांना खाली उतरवलं आणि घरोघरच्या तक्रारींवर लावलं.

ते काम मामांना कधी मनापासून आवडलं नाही. टॉवरवर निदान काम झालं की झालेलं दिसायचं. इथे रोज सकाळी नऊ पत्त्यांची यादी मिळायची आणि संध्याकाळपर्यंत नवाच्या नऊ तक्रारी 'बंद' करायच्या असायच्या. बंद करायची म्हणजे सोडवायची असं नाही. फोनमध्ये कारणांची एक यादी होती, तिच्यातलं एक निवडून बोट दाबायचं. 'ग्राहकाच्या फोनचा दोष.' 'बाहेर सिग्नल चांगला.' 'ग्राहकास माहिती दिली.' हे तिसरं कारण सगळ्यांचं लाडकं होतं, कारण त्यात काय माहिती दिली ते कुणी विचारत नसे.

आपण खोटं लिहितो असं मामांना तेव्हा वाटत नव्हतं. बाहेर सिग्नल चांगला असायचाच.

ग्रंथपाल बाईंची तक्रार अशीच एका यादीत सातव्या नंबरवर आली. बाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. चार मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यांत एकट्या राहत. एकुलती मुलगी दुसऱ्या गावी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामावर. मायलेकींचं रोज दोनदा बोलणं व्हायचं, गेले दोन महिने ते होत नव्हतं.

बाईंनी मामांना बसवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. फोन लागतो. घंटी वाजते. मुलगी उचलते, "हं आई" म्हणते. आपण चार शब्द बोलतो न बोलतो तोच आवाज तुटक होतो, मग एकदम शांत होतं आणि फोन बंद पडतो. सहा सेकंद, सात सेकंद, फार तर नऊ. तिने केला तरी तेच. फाटकाशी जाऊन उभं राहिलं की अर्धा तास बोला, काही होत नाही. शेजारच्या छापखानेवाल्या काकांचा फोन याच भिंतीला टेकून दिवसभर चालतो. वरच्यांचाही चालतो. त्या सगळ्यांच्या कंपन्या निराळ्या. तक्रार केंद्रातल्या मुलांनी आधी फोन बंद करून चालू करायला लावला, मग सिमकार्ड काढून पुसायला लावलं, मग नवं सिम घ्यायला लावलं. नवं सिमही सहा सेकंदांचंच निघालं.

"आणि हा तापतोसुद्धा," बाई फोन पुढे करत म्हणाल्या. "दुपारपर्यंत बॅटरी संपते. पूर्वी दोन दिवस पुरायची."

मामांनी आपला तपासणीचा फोन काढला. त्यात सिग्नलचा आकडा दिसायचा. तो उणे असतो. उण्याच्या पुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल वाईट. फाटकाशी उणे ब्याण्णव. पुढच्या खोलीत उणे एकशे आठ. मागच्या खोलीत, न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात, उणे एकशे अठरा. त्यांनी बोळातून ऑफिसला फोन लावला. लागला. सातव्या सेकंदाला गेला.

खरं तर तपासणीचा फोन काढायचीही गरज नव्हती. फाटकातून आत शिरताना समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे नजर गेली तेव्हाच त्यांना उमगलं होतं. त्या गच्चीवर कंपनीचा टॉवर होता. मामा स्वतः कितीदा तरी त्यावर चढले होते. दोन महिन्यांपूर्वी जागेचा करार संपला, कंपनीने तो पुढे वाढवला नाही आणि टॉवर उतरवून नेला. आता या गल्लीला सिग्नल येत होता तो सव्वा किलोमीटरवरून, मध्ये उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीला वळसा घालून. बाकीच्या कंपन्यांचे टॉवर पाण्याच्या टाकीवर होते, गल्लीच्या तोंडाशी.

बाई पुस्तकांतल्या. त्यांना नुसतं 'रेंज कमी आहे' सांगून भागलं नाही. पडद्यावर दोन काड्या दिसतात, मग फोन का जातो, असं त्यांनी विचारलं. मामांनाही बऱ्याच दिवसांनी कुणीतरी नीट विचारलं होतं. ते रंगून सांगू लागले. त्या काड्या म्हणजे फोनला टॉवर किती ऐकू येतो ते. टॉवरचा आवाज मोठा, तो लांबून, भिंतींतून कसाबसा आत पोचतो. फोनचा आवाज मात्र बारीक. तो याच भिंतींतून बाहेर पडून तेवढ्याच लांब जायचा म्हणजे वाटेतच विरतो. म्हणून फोन जिवाच्या आकांताने ओरडत राहतो, त्यानेच तापतो आणि बॅटरी खातो. कॉल लागतो तोवर कसंबसं जमतं. मग टॉवरला पलीकडून काही ऐकूच येईनासं होतं. तो थोडे सेकंद वाट बघतो आणि कॉल सोडून देतो.

"म्हणजे मला तो ऐकू येतो, त्याला मी ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

बाईंनी त्यांच्यासाठी चहा टाकला. कप पुढे ठेवताना अगदी सरळ विचारलं, "मग मी दुसऱ्या कंपनीत गेले तर सुटेल का हे? नंबर तोच राहतो म्हणतात."

उत्तर एका शब्दाचं होतं. हो. बाईंच्या घरात इंटरनेटचा वायफाय असता तर त्यावरूनही कॉल करता आला असता, पण तो नव्हता. तेव्हा शेजाऱ्यांची कंपनी घेणं हाच एक उपाय. मामांना तो ठाऊक होता, जिभेवरही आला होता. पण ज्याच्या भेटीनंतर गिऱ्हाईक कंपनी सोडून जातं, त्याचं नाव महिन्याच्या शेवटी साहेबांच्या भिंतीवरच्या कागदावर लागायचं. मागच्या महिन्यात मामांचं नाव दोनदा लागलं होतं. कंबर गेलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार?

"थोडं थांबा," मामा म्हणाले. "मी वर कळवतो. काम होईल. तोवर फाटकाशी येऊन बोला."

बाईंनी मान डोलावली. मामांनी रस्त्यावर येऊन 'बाहेर सिग्नल चांगला' आणि 'ग्राहकास माहिती दिली' अशी दोन्ही कारणं दाबली. वर कळवायला मात्र ते विसरले नाहीत. तसा अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी केला. तो कुणी उघडला की नाही, देव जाणे.

तीन आठवड्यांनी तोच पत्ता पुन्हा यादीत आला. शेरा होता, 'तक्रार पुन्हा उघडली, ग्राहकाची मुलगी.' मामांनी मनाशी म्हटलं, बाईंनी मुलीला पुढे केलं वाटतं. दार वाजवलं. दार उघडणाऱ्या अनोळखी बाईचे डोळे पाहून आपण चुकीच्या दिवशी आलो हे त्यांना कळलं. घरातली पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. खाट उभी करून ठेवली होती.

मुलीने आवाज न चढवता सांगितलं. आई एका सकाळी साडेदहाच्या सुमारास बोळात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. फोन गाऊनच्या खिशात होता. तिने मुलीला फोन लावला. मुलीने उचलला, "अगं, मी" एवढं ऐकू आलं आणि कट. पुन्हा आला, पुन्हा कट. मुलीने उलट केला, तोही गेला. दोन महिने हे असंच चाललेलं होतं. ती फाटकाशी जाऊन करेल असं धरून मुलगी नमुने तपासायला बसली. पुढेही फोन वाजत होता, तिने तो बिनआवाजाचा करून खणात टाकला. शेजारचे काका त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. वरच्यांना मागच्या बोळातलं ओरडणं ऐकू आलं नाही. पाच वाजता तिने खण उघडला, तर आईचे सात न उचललेले कॉल सकाळचेच होते, त्यानंतर एकही नाही. तिने काकांना फोनवर गाठलं, काकांनी वरच्यांना, वरच्यांनी दार फोडलं. आई शुद्धीवर होती. ऑपरेशन झालं. मग छातीत कफ साठला, आणि दहाव्या दिवशी ती गेली.

"मला भरपाई नकोय," मुलगी म्हणाली. "मला एवढंच कळायला हवंय की कुणी येऊन बघून गेलं होतं का. तुमच्या केंद्रातली मुलं म्हणतात, तक्रार सोडवलेली आहे. कुणी सोडवली?"

मामा बोळात गेले. मग कंबर सांभाळत, भिंतीला धरून, हळूहळू खाली बसले आणि फरशीवर आडवे झाले. मुलगी बघत राहिली. मामांनी फोन कानाजवळ नेऊन आकडा पाहिला. उणे एकशे एकवीस. उभ्याने घेतला होता त्याहून वाईट. त्यांनी ऑफिसला कॉल लावला. "हॅलो" आलं, मग चिरका आवाज, मग काहीच नाही. पाच सेकंद.

तिथून उठायला त्यांना मुलीचा हात घ्यावा लागला.

"ताई, मीच आलो होतो," ते उभे राहून म्हणाले. "टॉवर काढलाय हे मला माहीत होतं. दुसऱ्या कंपनीत गेले तर सुटेल का, असं त्यांनी मला विचारलं होतं. सुटणार होतं. मी त्यांना थांबा म्हणालो."

मुलीने आईचा फोन हातात घेऊन त्या दिवशीची कॉलची यादी उघडली आणि एकेक आकडा वाचत गेली. सात सेकंद. सहा. आठ. पाच. मग न उचललेले सात. असे अकरा.

"आई सांगितलेलं ऐकायची," ती म्हणाली. "ग्रंथालयात आयुष्य काढलं. थांबा म्हटलं की थांबायची. तुम्ही म्हणालात म्हणून थांबली." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि मी तिचा आवाज चार वेळा ऐकला. चार वेळा ऐकून कामाला लागले."

मदतीचा जो सरकारी नंबर असतो, तो मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून जातो. बाईंनी तो लावला असता तर बहुधा लागलाही असता, हे मामांच्या मनात आलं. पण पडलेली आई लेकीलाच फोन करते. आणि तेही त्यांनी बाईंना कुठे सांगितलं होतं? ते त्यांनी गिळलं.

त्या संध्याकाळी मामांनी कारणांच्या यादीवर बोट ठेवलं नाही. खाली शेरा लिहायची एक रिकामी चौकट होती, ती ते कधी वापरत नसत. तिथे त्यांनी लिहिलं की समोरच्या गच्चीवरचा टॉवर काढल्यापासून तळमजल्यावर कॉल टिकत नाही. बोळात आकडा इतका, फरशीवर इतका. पहिल्या भेटीत हे मला दिसलं होतं आणि मी तक्रार चुकीची बंद केली. खाली आपलं नाव आणि तारीख. त्याची एक प्रत सही करून मुलीला नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि शेरा काढून टाका म्हणून समजावलं. म्हणाले, नियम रस्त्यावरच्या सिग्नलचा आहे, तो तिथे पुरेसा आहे. घरात भिंती कशाच्या असाव्यात हे कंपनी ठरवत नाही. म्हातारं माणूस पडलं, वाईट झालं, पण ते टॉवरने पाडलं नाही. मामा ऐकून घेत होते. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं. शेरा काढायला त्यांनी नकार दिला. पहिल्या तारखेपासून त्यांना गोदामात टाकलं. तिथे केबलची रिळं मोजून ठेवायची, बाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

मुलीने वरपर्यंत तक्रार नेली. पहिल्या पत्राचं उत्तर आलं की त्या भागातला सिग्नल ठरलेल्या मापात आहे. दुसऱ्याचंही तेच आलं, फक्त तारीख बदललेली. तिसरं पत्र तिने लिहिलं नाही. खोल्या रिकाम्या करून किल्ली घरमालकाला दिली आणि ती आपल्या गावी गेली. जाताना तिने मामांना फोन केला होता. मामांनी उचलला. दोघंही थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने "ठीक आहे, ठेवते" म्हटलं.

घरी मामांची बायको त्यांच्या मागे लागली. अन्नावरची वासना का गेली, कंबर पुन्हा दुखते का, गोदामात कुणी काही बोललं का? पंधरा दिवस त्यांनी टाळलं आणि एका रविवारी भाजी निवडत बसलेल्या बायकोपुढे सगळं ओकून टाकलं. तिने निवडायचं थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "त्या गल्लीत त्या एकट्याच होत्या का तुमच्या कंपनीच्या?"

हा प्रश्न ऑफिसात कुणाला पडला नव्हता, मामांनाही नाही.

पुढचे पाच रविवार त्यांनी त्या गल्लीत घातले. दारं वाजवायची, कुठल्या कंपनीचा फोन ते विचारायचं, आपलीच कंपनी निघाली की घरात कॉल टिकतो का बघायचं. टिकत नसला तर सांगायचं, ही कंपनी सोडा. फोनवरून एक मेसेज पाठवा, कोड येईल, तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जा, तीनचार दिवसांत नंबर तिकडे जातो, मधे थोडा वेळ फोन मेलेला राहील, घाबरू नका. काही लोक त्यांना दुसऱ्या कंपनीचा एजंट समजले. एकाने तर तोंडावर दार लावलं. वरच्या मजल्यांवर बहुतेकांचं बरं चाललेलं होतं. तळमजल्यावरच्या चौदा घरांत मात्र हाच प्रकार निघाला. त्यांतल्या अकरा जणांनी ऐकलं.

अकरावे होते एक निवृत्त घड्याळजी. रस्त्याच्या वळणावर, गॅरेजच्या मागे त्यांची एक खोली. मामांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, फोन अगदी नीट चालतो, तक्रार काही नाही. मामांनी त्यांच्याच फोनवरून कॉल लावून दाखवला. आठव्या सेकंदाला गेला. घड्याळजींनी तो फोन हातात घेतला.

"हा आपोआप गेला?" त्यांनी विचारलं.

"आपोआपच. टॉवर काढल्यापासून."

मग हळूहळू बाहेर आलं. मुलगा परदेशी असतो. आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं. मध्यंतरी जागा विकण्यावरून थोडी बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून बापाने दोन वाक्यं बोलली की मुलगा फोन कापायचा. निदान घड्याळजींची तशी समजूत झाली होती. शेवटच्या खेपेला त्यांनी "तुला बापाशी बोलायचं नसेल तर नको बोलूस" एवढं घाईघाईने ऐकवून आपणच फोन ठेवला होता. तेवढं मात्र सहा सेकंदांत मावलं होतं. तीन महिन्यांत त्यांनी फोन केला नव्हता, मुलाचाही आला नव्हता.

मामांनी स्वतः त्यांना दुकानात नेलं, कागद भरून दिले. पाचव्या दिवशी नंबर दुसऱ्या कंपनीत गेला. त्या रविवारी मामा मुद्दाम पुन्हा गेले. खोलीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथे घड्याळजींची खुर्ची होती तिथे, त्यांच्याच फोनवर आकडा बघितला. उणे एकोणनव्वद. मामांनी आपल्या बायकोचा नंबर लावायला लावला आणि घड्याळजी तिच्याशी पाच मिनिटं हवापाण्याचं बोलले. कॉल तुटला नाही.

"आता लावा मुलाला," मामा म्हणाले.

घड्याळजींनी चष्मा पुसला, नंबर शोधला, लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. मामा श्वास रोखून मोजत होते, सवयीने. सहा झाले, दहा झाले, वीस झाले. मध्ये कुठे खरखर नाही, तुटकपणा नाही, बाजूच्या खोलीतली घंटी ऐकावी इतकी स्वच्छ. घड्याळजींनी एकदा मामांकडे बघून विचारलं, "वाजतोय ना नीट?"

"नीट वाजतोय," मामा म्हणाले.

घंटी पूर्ण वाजून थांबली. घड्याळजींनी पुन्हा लावला.